हात बसणं आणि हात सुधारणं: टायपिंगचा वेग कुठे अडतो

‘रोज सात-आठ तास कीबोर्डवरच असतो, आणखी किती सराव करू?’ टायपिंगचा वेग वाढत नाही म्हणणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या तोंडी हे वाक्य असतं. माझ्याही होतं. भाषांतराचं काम, दिवसभर इनस्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीवर मराठी टाइप करायचं, आणि चार वर्षं वेग मिनिटाला ३२ शब्द. एकही जास्त नाही.

घोळ इथे आहे की रोज टाइप करणं आणि टायपिंगचा सराव करणं या दोन गोष्टी बाहेरून हुबेहूब सारख्या दिसतात. तीच खुर्ची, तोच कीबोर्ड, तीच बोटं. फरक लक्ष कुठे आहे याचा. काम करताना लक्ष मजकुरावर असतं आणि बोटांनी मध्ये येऊ नये एवढीच अपेक्षा असते. सरावात लक्ष बोटांवर असतं आणि मजकूर फक्त निमित्त.

आपण ‘हात बसला’ म्हणतो ना, ती अवस्था म्हणजे बोटांनी मध्ये येणं थांबवलेलं असतं. सुरुवातीला प्रत्येक अक्षर आठवून दाबावं लागतं, म्हणून प्रत्येक अक्षर सुधारतही असतं. हात बसला की आठवणं थांबतं आणि सुधारणंही. लिपिक-टंकलेखकाच्या पदाला मराठी ३० शब्दांचा वेग लागतो. तेवढा आला की बहुतेकांचा हात तिथेच बसतो, कारण त्यापुढे कोणी काही मागत नाही. त्यानंतर दहा वर्षं टाइप केलं तरी माणूस तोच ३० चा वेग दहा वर्षं पक्का करत असतो.

आणि चुकांचं काय? चुका होतातच, पण बॅकस्पेस त्या पुसून टाकतो. माझ्या मते टायपिंगमधली सगळ्यात महाग सोय हीच. चुकलेलं अक्षर, बॅकस्पेस आणि बरोबर अक्षर, हे तिन्ही मिळून हाताला एकच हालचाल म्हणून पाठ होतात. नेमकं काय चुकलं होतं, ते डोक्यापर्यंत पोचतच नाही.

अँडर्स एरिक्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने दोन सहकाऱ्यांबरोबर १९९३ मध्ये बर्लिनच्या व्हायोलिन विद्यार्थ्यांवरचा जो गाजलेला निबंध लिहिला, त्यात त्याने याच दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. त्याच्या अर्थाने सराव म्हणजे नेमकी एक उणीव धरायची, तिच्यासाठीच बेतलेला धडा करायचा, चूक लगेच कळली पाहिजे आणि मग पुन्हा करायचं. काटेकोर बोलायचं तर त्याला असा धडा बेतून देणारा शिक्षकही हवा. घरी एकट्याने करतो ते त्याच्या मोजपट्टीवर एक पायरी खालीच बसतं. टायपिंगमध्ये मात्र चूक पडद्यावर स्वच्छ दिसते, त्यामुळे शिक्षकाचं निम्मं काम तिथेच होतं.

मी आधी हिशेब मांडला. वेग मोजताना साधारण पाच स्ट्रोकला एक शब्द धरतात. ३२ शब्द म्हणजे मिनिटाला १६० स्ट्रोक, म्हणजे एका शब्दाला सुमारे १.९ सेकंद. पण ‘काम’, ‘मला’ असे शब्द मी एका स्ट्रोकला पाव सेकंद या गतीने सहज मारत होतो. सगळाच मजकूर तसा गेला असता तर वेग ४८ झाला असता. म्हणजे बोटं हळू नव्हतीच. दर शब्दामागे सरासरी सहा दशांश सेकंद कुठेतरी अडखळण्यात आणि पुसण्यात जात होते, आणि ‘३२’ या एका आकड्यात ते दिसत नव्हतं.

ते शोधायची युक्ती टायपिंगच्या बाबतीत एरिक्सननेच सांगितली आहे: थोडा वेळ नेहमीपेक्षा दहा ते वीस टक्के जास्त वेगाने मारायचं. कच्चे दुवे आधी तुटतात. मी तीन मिनिटं, न पाहिलेला उतारा, ३७ च्या आसपास, आणि बॅकस्पेसला हात लावायचा नाही असं ठरवलं. मग प्रिंट काढून लाल पेन घेतलं.

सगळ्यात जास्त लाल ‘आणि’भोवती होतं. मराठीत पावलोपावली येणारा हा शब्द इनस्क्रिप्टवर अख्खा डाव्या हाताचा आहे: शिफ्ट धरून इंग्रजी ‘ई’च्या बटणावर आ, शिफ्ट धरूनच ‘सी’च्या बटणावर ण, मग शिफ्ट सोडून ‘एफ’वर ऱ्हस्व वेलांटी. माझ्या कागदावर कुठे ‘आणइ’ होतं, कुठे ‘आमि’, कुठे ‘ाणि’. तिन्ही चुकाच, पण रोग वेगवेगळे. ‘आणइ’ म्हणजे शिफ्ट उशिरा सुटला, ‘आमि’ म्हणजे लवकर सुटला, ‘ाणि’ म्हणजे मुळात उशिरा दाबला गेला. खाली पाहिलं तर कळलं की मी कायम डाव्या करंगळीनेच शिफ्ट धरतो. ज्या हाताने तीन अक्षरं मारायची त्याच हाताची करंगळी अडकवून ठेवलेली. उजवा शिफ्ट चार वर्षं कोराच होता.

धडा आपोआप ठरला: डाव्या बाजूच्या अक्षराला उजवा शिफ्ट. पहिल्यांदा ‘आणि’ सलग दोनशे वेळा मारून पाहिलं आणि फसलो. विसाव्या वेळेपासून हात नुसता गिरवत होता. उताऱ्यात शब्द आला की जुनी करंगळी हजर. मग ‘कारण’, ‘आपण’, ‘आहे’, ‘आणि’, ‘प्रमाण’ असे शब्द उलटसुलट गुंफून वाक्यं केली आणि हळू मारली, इतकी हळू की चूक होणारच नाही. रोज पंधरा मिनिटं. त्यापुढे लक्ष पळतं आणि सरावाचं पुन्हा नुसतं टायपिंग होतं.

पहिले दहा दिवस वेग २७ वर घसरला. इथेच बहुतेक लोक सोडून देतात. सुधारतंय की नाही हे त्या दिवसांत वेगावरून कळत नाही. कळतं ते ठरावीक चूक कमी होण्यावरून: आठवड्याने ‘आणइ’ उताऱ्यात एखाददुसरंच उरलं होतं. मोजताना उतारा दर वेळी नवा हवा. तोच तो उतारा मारून वेग वाढतो तो पाठांतराचा, आणि परीक्षेत नवा कागद समोर आला की तो उतरतो.

शिफ्टनंतर पाळी डोळ्यांची. टिमथी सॉल्टहाउस या संशोधकाने १९८४ मध्ये दाखवलं होतं की तरबेज टायपिस्टला पुढची अक्षरं दिसू दिली नाहीत तर त्याचाही वेग कोसळतो. बोटं एका अक्षरावर असताना त्याचे डोळे काही अक्षरं पुढे असतात. माझे डोळे बोटांबरोबरच चालत होते. पुढचा शब्द वाचून झाल्याशिवाय हातातला संपवायचा नाही, असा दुसरा धडा तीन आठवडे केला.

अडीच महिन्यांनी नव्या उताऱ्यावर ४१ भरले. छापील मजकूर उतरवताना हा फरक घड्याळात दिसतो. भाषांतर करताना फारसा दिसत नाही, कारण तिथे अडतो तो शब्द सुचण्यापाशी.