श्वास घेण्याच्या स्नायूंचा व्यायाम (आयएमटी) आणि त्याची यंत्रं

आत श्वास ओढणाऱ्या स्नायूंना मुद्दाम अडथळा देऊन त्यांची ताकद वाढवायची, याला फिजिओथेरपीवाले इन्स्पिरेटरी मसल ट्रेनिंग किंवा नुसतं आयएमटी म्हणतात. यात मुख्य स्नायू डायफ्रॅम, म्हणजे छाती आणि पोट यांच्या मधला पडदा, आणि सोबत बरगड्यांमधले आणि मानेचे काही स्नायू. फुप्फुस स्वतः स्नायू नाही, त्यामुळे "लंग्ज स्ट्राँग होतात" असं जे जाहिरातीत लिहिलेलं असतं ते तितकंसं बरोबर नाही, या व्यायामाने फुप्फुसाचा आकार वाढत नाही आणि दम्यात किंवा सीओपीडीत, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या आजारात, आकसलेल्या श्वासनळ्याही उघडत नाहीत.

आधी एक गोंधळ मिटवू. पुण्यात कुठल्याही मोठ्या ऑपरेशननंतर पेशंटच्या उशाशी तीन रंगीत बॉलचं प्लास्टिकचं यंत्र दिसतं, सदाशिव पेठेतल्या मेडिकलमध्ये सुद्धा सहज मिळतं, आणि घरचे सगळे त्यालाच "श्वासाचा व्यायाम" म्हणतात. ते इन्सेंटिव्ह स्पायरोमीटर. त्यावर 600, 900, 1200 असे आकडे असतात, ते सेकंदाला किती मिली हवा ओढली याचे. लांब श्वास घेऊन थोडा धरून ठेवावा, फुप्फुसाचे मिटलेले भाग उघडावेत, एवढंच त्याचं काम. त्यात ओढायला जोर फारसा लागत नाही आणि तो मोजून वाढवताही येत नाही, म्हणून स्नायूची ताकद वाढवायला ते नाही.

आयएमटीची खरी यंत्रं साधारण दोन प्रकारची. जुन्या प्रकारात नुसती लहानमोठी भोकं असतात, भोक जितकं लहान तितका अडथळा जास्त. यात पळवाट अशी की हळूहळू श्वास घेतला तर भोक कितीही लहान असलं तरी जोर लागत नाही, आणि माणूस नकळत तेच करतो. म्हणून आता थ्रेशोल्ड प्रकार जास्त वापरतात. त्यात स्प्रिंगवर बसवलेला व्हॉल्व्ह असतो, ठरवलेला दाब तयार झाल्याशिवाय तो उघडतच नाही, मग श्वास हळू घ्या की जोरात. श्वास सोडताना मात्र काहीच अडथळा नसतो. दाब मोजतात सेंटीमीटर पाण्यात, म्हणजे 20 सेंटीमीटर म्हटलं की उभ्या स्ट्रॉमधून पाणी 20 सेंटीमीटर वर ओढायला लागेल एवढा जोर. हॉस्पिटलमध्ये दिसणारं साधं थ्रेशोल्ड यंत्र 9 ते 41 पर्यंतच जातं, तब्येतीने दणकट माणसाला ते लवकरच हलकं पडतं.

किती दाब लावायचा हे अंदाजाने ठरवत नाहीत, आधी त्या माणसाचा जास्तीत जास्त दाब मोजतात, त्याला एमआयपी म्हणतात. नाकाला चिमटा, पूर्ण श्वास बाहेर, मग बंद नळीतून जीव खाऊन आत ओढायचं आणि सेकंदभर तरी टिकवायचं. नळीला एक बारीक भोक ठेवलेलं असतं, नाहीतर लोक नुसते गाल आत ओढून आकडा फुगवतात. एकदा मोजून चालत नाही, पहिल्या दोन-तीन प्रयत्नांत माणूस नुसती पद्धत शिकत असतो आणि आकडा आपोआप चढतो, आणि तो चढलेला आकडा "व्यायामाचा फायदा" म्हणून दाखवणारेही भेटतात.

या विषयात मला सगळ्यात पटणारा उपयोग म्हणजे बायपासच्या आधीचा. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टला ज्यांना ऑपरेशननंतर छातीचा त्रास होण्याचा धोका जास्त होता अशा 279 बायपास पेशंटवर हा अभ्यास झाला, 2006 मध्ये छापून आला. ज्यांनी ऑपरेशनच्या आधी किमान दोन आठवडे आयएमटी केलं त्यांच्यात फुप्फुसाच्या तक्रारी 18 टक्के, बाकीच्यांत 35 टक्के, आणि न्यूमोनियाही निम्म्याहून कमी.

आता तीच पद्धत कोथरूडच्या एखाद्या साठीतल्या काकांना लावून बघू, बायपासची तारीख तीन आठवड्यांनी आहे आणि एमआयपी आला 72. सुरुवात 30 टक्क्यांनी, म्हणजे साधारण 22 वर स्प्रिंग. रोज 20 मिनिटं, आठवड्यातून एकदा फिजिओसमोर. प्रत्येक वेळी विचारायचं, 0 ते 10 मध्ये किती जड गेलं? उत्तर 5 च्या खाली आलं तर दाब 5 टक्क्यांनी वाढवायचा, म्हणजे 22 चे 23, यंत्राच्या पट्टीवर एवढं बारीक दिसत नाही म्हणून जवळची वरची खूण धरायची. काका म्हणाले "सात", तर तिथेच थांबायचं, पुढे रेटायचं नाही.

चुकतं कुठे, तर बहुतेक वेळा श्वासाच्या लांबीत. फुप्फुस भरत जातं तसा डायफ्रॅम आखडतो आणि त्याची ताकद कमी होत जाते, त्यामुळे दाब जास्त लावला की सुरुवातीला व्हॉल्व्ह उघडतो आणि श्वास अर्ध्यातच तुटतो. कान दिला की कळतं, लांब "फूssस" ऐकू येण्याऐवजी छोटा "फस्" येऊन बंद होतो. असं झालं तर दाब कमी करायचा, आकड्याच्या हट्टापायी अर्धे श्वास घेण्यात अर्थ नाही. दुसरं म्हणजे चक्कर. लोक भराभर श्वास घेतात, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि डोकं हलकं होतं, मग श्वास सोडल्यावर थोडं थांबायचं, एवढ्यानं भागतं.

पण स्नायू बळकट झाला म्हणजे माणूस जास्त चालायला लागेल असं गृहीत धरू नये, आणि सीओपीडीत नेमकं हेच दिसलं. 2018 मध्ये जर्मनीत 600 हून जास्त पेशंटवर अभ्यास झाला, सगळ्यांना चालणं, सायकल, नेहमीचा रिहॅब होताच, त्यात निम्म्यांना आयएमटी जोडलं. एमआयपी त्यांचा जास्त वाढला, पण सहा मिनिटांत किती चालतात त्यात फरक पडला नाही. चांगला रिहॅब चालू असेल तर वरून हे यंत्र जोडून फार काही मिळत नाही, असा त्याचा अर्थ मी लावतो. ज्यांना रिहॅब मिळतच नाही त्यांचं गणित वेगळं.

सिंहगड पळत चढणारे आणि सायकलवाले हे यंत्र वेगळ्याच कारणासाठी घेतात. खूप जोराच्या व्यायामात श्वासाचे स्नायू थकले की शरीर पायांकडे जाणारं रक्त थोडं आवळतं, असं प्रयोगात दिसलंय, आणि आयएमटीने ते उशिरा व्हावं ही कल्पना. त्यांचा नेहमीचा डोस एमआयपीच्या निम्म्यावर 30 श्वास, दिवसातून दोनदा, साधारण सहा आठवडे. फायदा दिसतो पण माफक, आणि तो टिकवायला नंतर आठवड्यातून दोन दिवस तरी चालू ठेवावं लागतं.

अलीकडे ब्लडप्रेशरसाठीही बोललं जातं. कोलोरॅडोच्या 2021 च्या अभ्यासात एमआयपीच्या 75 टक्के दाबावर रोज 30 श्वास, आठवड्यातून सहा दिवस, सहा आठवडे केल्यावर वरचं प्रेशर सरासरी 9 ने उतरलं. ऐकायला भारी आहे, पण माणसं फक्त 36 होती, तेवढ्यावर कोणी गोळ्या बंद करू नयेत.

आधी कधी फुप्फुसाला भोक पडून छातीत हवा भरली असेल, किंवा कानाचा पडदा फाटलेला असेल तर हे यंत्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोंडाला लावायचं नाही. ज्या दम्याच्या पेशंटला आपला दम वाढलाय हेच नीट जाणवत नाही, त्यांनाही हे देत नाहीत.