ऑक्सिमीटर ९८ दाखवतो तेव्हा

दोन रुग्ण समोर आहेत. पहिल्या बाईंचं हिमोग्लोबिन साडेसात, म्हणजे निम्मं. त्या दमतात, जिना चढताना थांबतात, पण स्वतःच्या पायांनी चालत दवाखान्यात आल्या आहेत. दुसरा तरुण मुलगा गॅस गीझरच्या बंद न्हाणीघरात बेशुद्ध सापडला. त्याचं हिमोग्लोबिन पंधरा. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ९८ दाखवतोय. खरं तर त्याच्या निम्म्या हिमोग्लोबिनवर कार्बन मोनॉक्साइड बसला आहे. म्हणजे ऑक्सिजन वाहून न्यायला दोघांकडे सारखंच हिमोग्लोबिन उरलंय. मग एक चालतोय आणि एक मरणाच्या दारात, असं का?

हिशेब मांडून बघू. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन धरतं. पंधरा ग्रॅम असेल तर शंभर मिलिलिटर रक्तात सुमारे वीस मिलिलिटर ऑक्सिजन मावतो, आणि शरीर विश्रांतीत त्यातला पाचच काढून घेतं. बाईंच्या रक्तात दहा आहे. पाच दिला तरी पाच उरतो. मुलाच्या रक्तातही दहाच आहे. फरक आहे तो सोडण्यात.

हिमोग्लोबिनच्या रेणूत लोहाच्या चार जागा असतात आणि त्या एकमेकींच्या कलाने वागतात. एका जागेवर ऑक्सिजन बसला की बाकीच्या त्याला जास्त ओढतात. एकीने सोडला की बाकीच्याही सैल पडतात. पेशींजवळ पोचल्यावर ऑक्सिजन सुटतो तो या सैल पडण्यामुळे. कार्बन मोनॉक्साइड मात्र ऑक्सिजनच्या दोनशेहून जास्त पट घट्ट बसतो आणि सहजी उठत नाही. रेणूला वाटतं, आपण अजून भरलेलेच आहोत. त्यामुळे उरलेल्या जागांवरचा ऑक्सिजनही तो गच्च धरून ठेवतो. तो सुटावा म्हणून पेशींमधला ऑक्सिजनचा दाब फार खाली जावा लागतो. बाईंच्या शिरांमधल्या रक्तात हा दाब साधारण २७ मिलिमीटर पाऱ्याइतका उतरला की काम भागतं; मुलाच्या बाबतीत तो जवळपास त्याच्या निम्म्यावर येतो. मेंदू आणि हृदय हे सोसू शकत नाहीत.

ही वेळ यायला वायू किती लागतो? हवेत ऑक्सिजन २१ टक्के. कार्बन मोनॉक्साइडची ओढ दोनशेहून जास्त पट, म्हणून तो केवळ ०.१ टक्का असला तरी, पुरेसा वेळ मिळाल्यास, निम्मं हिमोग्लोबिन बळकावतो. चार फूट बाय पाच फुटांच्या, आठ फूट उंच न्हाणीघरात ही मात्रा जेमतेम साडेचार लिटर भरते. एवढ्या मात्रेने निम्मं हिमोग्लोबिन बळकवायला तासाहून जास्त वेळ लागेल, पण बंद खोलीत गीझर स्वतःचीच जळकी हवा पुन्हा ओढतो. ऑक्सिजन कमी पडला की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड आणखी वाढतो. डोकं दुखतं, मळमळतं, पायातलं बळ जातं, आणि कडी काढायची ताकद उरत नाही.

ऑक्सिमीटर फसतो कारण तो फक्त दोन प्रकारचा प्रकाश वापरतो, एक लाल आणि एक अवरक्त. कार्बन मोनॉक्साइड बसलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाशात ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिनसारखंच दिसतं. त्वचा चेरीसारखी लाल होते असं पुस्तकात असतं, पण त्या खुणेची वाट पाहू नये. ती बहुधा मृत्यूनंतर दिसते. खात्री हवी असेल तर अनेक तरंगलांबींवर रक्त तपासणारा को-ऑक्सिमीटर लागतो. उपचार मात्र अहवालासाठी थांबवायचा नाही. साध्या हवेत या वायूची रक्तातली मात्रा निम्मी व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिल्यास साधारण तास-दीड तास.

हिमोग्लोबिन निकामी होण्याचा दुसरा प्रकार म्हणजे मेथिमोग्लोबिन. त्यात जागा कुणी बळकावत नाही, लोहच बदलतं. फेरस लोहाचं फेरिक झालं की त्याला ऑक्सिजन धरता येत नाही, आणि शेजारच्या जागा इथेही आपला ऑक्सिजन घट्ट धरतात. रोज थोडं लोह असं बदलतच असतं; तांबड्या पेशींतलं एक एन्झाइम ते पूर्ववत करतं, म्हणून प्रमाण टक्क्याच्या आसपास राहतं. कुष्ठरोगावरचं डॅप्सोन, अ‍ॅनिलिनसारखी रसायनं, किंवा तान्ह्या बाळाला दिलेलं नायट्रेटयुक्त विहिरीचं पाणी या एन्झाइमला पुरून उरतं.

याची ओळख तुलनेने सोपी आहे. ओठ निळसर होतात आणि ऑक्सिजन देऊनही तसेच राहतात. ऑक्सिमीटर ८५ च्या आसपास अडकतो. रक्त चॉकलेटी दिसतं. गाळणकागदावर त्याचा थेंब निरोगी रक्ताच्या थेंबाशेजारी ठेवला, तर हवा लागूनही तो लाल होत नाही, तपकिरीच राहतो. गंभीर रुग्णाला किलोमागे एक ते दोन मिलिग्रॅम मिथिलीन ब्लू शिरेतून हळूहळू देतात. हा निळा रंग पेशीतल्या दुसऱ्या वाटेने लोहाला इलेक्ट्रॉन पुरवतो आणि तासाभरात ओठांचा रंग परत येऊ लागतो. पण त्या वाटेला जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम लागतं. ते ज्यांच्यात जन्मतःच कमी असतं, त्यांच्यात हेच औषध निरुपयोगी ठरतं आणि उलट तांबड्या पेशी फोडू शकतं.