उणे २.२ म्हणजे नेमकं किती?

धरमपेठेतल्या ६८ वर्षांच्या काकू, असं उदाहरण घेऊ. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात कूलरमध्ये पाणी भरताना पाय घसरला आणि मनगट मोडलं. सगळ्यांनी दोष ओल्या फरशीला दिला. आता त्यांनी हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन केला. रिपोर्टमध्ये खुब्याच्या हाडाच्या मानेचा टी-स्कोअर उणे २.२ आहे, तर कमरेच्या चार मणक्यांचा एकत्रित उणे १.२.

टी-स्कोअरचं गणित साधं आहे. काकूंच्या हाडाची घनता दर चौरस सेंटिमीटरला ०.५९४ ग्रॅम निघाली. तुलनेसाठी घेतलेल्या विशीतल्या स्त्रियांची सरासरी ०.८५८ आहे आणि त्यांच्यातला नेहमीचा चढउतार, म्हणजे प्रमाणित विचलन, ०.१२०. दोन्ही घनतांमधल्या फरकाला ०.१२० ने भागलं की उणे २.२ येतात. म्हणजे ‘२२ टक्के हाड झिजलं’ असा अर्थ मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४ च्या निकषांनुसार उणे २.५ किंवा त्याहून खाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, आणि उणे १ ते उणे २.५ यांच्या मधला पट्टा ऑस्टिओपेनियाचा, म्हणजे घनता कमी असण्याचा. काकू या मधल्या पट्ट्यात येतात.

मग मणके एवढे बरे कसे? वरचे दोन मणके उणे २.३ आणि उणे २.१ आहेत, पण तिसरा उणे ०.६ आणि चौथा अधिक ०.२. उतारवयात मणक्यांच्या कडांना हाडाचे काटे फुटतात आणि यंत्र तेही घनतेत मोजतं. शेजारच्या मणक्यांपेक्षा एवढा वेगळा आकडा देणारे मणके वगळायचे असतात. ते वगळले की उरलेल्या दोघांची सरासरीही उणे २.२ च्या आसपास येते. खाली छापलेला एकत्रित आकडा तेवढा पाहून ‘मणके छान आहेत’ म्हणणं मला धोक्याचं वाटतं.

आता काकूंच्या ५० वर्षांच्या धाकट्या जावेचाही खुब्याचा टी-स्कोअर उणे २.२ आहे, पण तिचं हाड कधी मोडलेलं नाही. आकडा एकच असला तरी धोका काकूंचा कितीतरी जास्त. एक तर वय, आणि दुसरं ते मनगट. उभ्या उंचीवरून पडून हाड मोडणं ही कमकुवतपणाची खूण असते. अशा फ्रॅक्चरनंतर पुढच्याची शक्यता साधारण दुप्पट होते. फ्रॅक्स नावाचं गणनयंत्र हेच जमेस धरतं. वय, वजन, उंची, आधीचं फ्रॅक्चर, आईवडिलांचा मोडलेला खुबा, धूम्रपान, स्टिरॉइडच्या गोळ्या वगैरे भरलं की पुढच्या दहा वर्षांतल्या फ्रॅक्चरची शक्यता टक्क्यांत मिळते. भारतासाठी त्याचं वेगळं प्रारूप आहे. मात्र वारंवार तोल जातो का, हे त्याच्या मूळ प्रश्नावलीत नाही. ते डॉक्टरांना आपणच सांगायचं.

काकूंची उंची तरुणपणापेक्षा चार सेंटिमीटरने कमी भरली, तर पाठीचा बाजूने एक्स-रे काढायला हवा. मणका न दुखताही दबलेला असू शकतो. तो किरकोळ पडण्याने किंवा आपोआप दबला असेल आणि दुसरं कारण नसेल, तर टी-स्कोअर काहीही असो, निदान ऑस्टिओपोरोसिसचंच होतं.