नूतनीकरण नको आणि करार रद्द: दोन नोटिशींतला फरक

वार्षिक सॉफ्टवेअर करार थांबवायचा ठरला की पुष्कळ कार्यालयांतून ‘आम्ही हा करार रद्द करीत आहोत’ असे पत्र जाते, आणि तिथेच घोटाळा होतो. असे करार वेळेत नकार कळवला नाही तर बहुधा आपोआप आणखी एका वर्षासाठी वाढतात. त्यांतून बाहेर पडण्याच्या वाटा सहसा दोन असतात. चालू मुदत पूर्ण होऊ द्यायची आणि पुढचे वर्ष सुरू होऊ द्यायचे नाही, ही पहिली. मुदत संपण्याआधीच करार मोडायचा, ही दुसरी. दोन्हींची कलमे वेगळी, अटी वेगळ्या आणि नोटिशीचा मजकूरही वेगळा असतो.

नूतनीकरण नाकारण्यासाठी कारण द्यावे लागत नाही. विक्रेत्याने काही चूक केलेली असण्याची गरज नसते. फक्त ठरलेल्या तारखेपूर्वी, ठरलेल्या पद्धतीने कळवावे लागते. करार मुदतीपूर्वी संपवण्याचा हक्क मात्र बहुतेक वेळा विक्रेत्याने गंभीर भंग केला असेल तरच मिळतो, आणि तोही भंग कोणता हे लेखी कळवून तो दुरुस्त करण्यासाठी मुदत दिल्यानंतर; ही मुदत बऱ्याच करारांत ३० दिवसांची असते. विनाकारण केव्हाही बाहेर पडण्याची मुभा देणारे कलम काही करारांत असते, पण ते आहे असे गृहीत धरू नये.

म्हणूनच ‘सेवा असमाधानकारक असल्याने करार तत्काळ रद्द’ असे लिहिणारा ग्राहक स्वतःच अडचण ओढवून घेतो. विक्रेता उत्तर देतो की भंगाची रीतसर नोटीस दिलेली नाही, सबब करार चालू आहे. आणि या पत्रात नूतनीकरण नाकारल्याचा उल्लेखच नाही. हा वाद चालू असताना खरी तारीख निघून जाते. केवळ नूतनीकरण थांबवायचे असेल तर त्या पत्रात तक्रारी लिहूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. तक्रारीचे पत्र वेगळे पाठवावे.

आता तारखेचे पाहू. समजा चालू मुदत १ जुलै २०२५ ते ३० जून २०२६ अशी आहे आणि कलम म्हणते की मुदत संपण्याच्या किमान ६० दिवस आधी लेखी नोटीस विक्रेत्याला मिळाली पाहिजे. ३० जूनपासून मागे मोजल्यास ६० दिवस १ मे रोजी भरतात. त्या दिवशी शुक्रवार आहे. त्याच संध्याकाळी कार्यालयीन वेळेनंतर ईमेल गेला आणि नोटिशीच्या कलमात ‘अशा वेळी पाठवलेली नोटीस पुढील कामकाजाच्या दिवशी मिळाली असे मानले जाईल’ असे असेल, तर ती सोमवारी, ४ मे रोजी मिळाली असे धरले जाईल. तेव्हा ५७ दिवसच उरलेले असतील आणि आणखी एक वर्ष गळ्यात पडेल. त्यामुळे पाठवण्याची तारीख न धरता पोहोचल्याची तारीख धरावी आणि निदान दोन-तीन आठवडे हाताशी ठेवावेत. मुदतीची सुरुवात ऑर्डर फॉर्मवरून घ्यावी, कारण सहीची किंवा पहिल्या बिलाची तारीख पुष्कळदा निराळी असते.

नोटीस कोणाकडे जाते यालाही तितकेच महत्त्व आहे. नेहमी फोनवर बोलणाऱ्या विक्री प्रतिनिधीला कळवणे, सपोर्टकडे तिकीट टाकणे किंवा कार्डवरून होणारे पैसे बंद करणे, यांतले काहीही सहसा नोटीस ठरत नाही. पैसे अडवल्यास उलट थकबाकी उभी राहते. नोटिशीच्या कलमात दिलेला पत्ता, बहुधा विधी विभागाचा, वापरावा. तिथे कुरिअर किंवा नोंदणीकृत टपाल सांगितले असेल तर तेच करावे, शिवाय ईमेलने प्रत पाठवावी आणि पोचपावती जपावी. सही करणारी व्यक्ती कंपनीच्या वतीने अधिकृत असावी.

मजकूर अगदी थोडक्यात पुरतो: ‘ऑर्डर फॉर्म क्रमांक अमुक अन्वये सुरू असलेल्या सेवेची चालू मुदत ३० जून २०२६ रोजी संपत आहे. कलम तमुकनुसार ही सेवा पुढील मुदतीसाठी नूतनीकृत करावयाची नाही, अशी ही लेखी नोटीस आहे. कृपया पोच द्यावी.’ नंतर घेतलेल्या जादा मॉड्यूलचा ऑर्डर फॉर्म निराळा असल्यास त्याचाही क्रमांक घालावा, नाहीतर मुख्य सेवा बंद होऊन ते मॉड्यूल मात्र एकटेच आणखी वर्षभर चालू राहते. ‘सध्याच्या दरात नको’ किंवा ‘विचार चालू आहे’ अशी वाक्ये टाळावीत. ती वाटाघाटीची भाषा आहे आणि विक्रेता ती तशीच वाचतो. प्रतिनिधीने ‘एकदा बोलू या’ असे उत्तर दिले तरी त्याला पोच समजू नये.

नूतनीकरण नाकारल्याने चालू वर्षाचे हप्ते माफ होत नाहीत, आणि वापरही ३० जूनपर्यंतच राहतो. माहिती परत घेण्यासाठी करारात त्यानंतरची काही दिवसांची सवलत असू शकते, पण नसल्यास माहिती आधीच निर्यात करून, फाईल उघडते का हे तपासून ठेवावी लागते.