काचेआडची नागा मुंडकी: परत द्यायची, पण कुणाला?

ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयात एक काचपेटी कायम गर्दी खेचायची. 'मृत शत्रूंना दिलेली वागणूक' अशा अर्थाची पाटी होती आणि आत दक्षिण अमेरिकेतल्या शुआर लोकांनी आक्रसवलेली डोकी, शेजारी नागा टेकड्यांतून आणलेली मुंडकी. 2020 साली कोविडमुळे संग्रहालय बंद होतं, त्या काळात ही पेटी रिकामी करण्यात आली. तिच्यासह प्रदर्शनातले सुमारे 120 मानवी अवशेष काढून कोठारात ठेवले गेले. एका इजिप्शियन बालकाची ममीही त्यात होती. संग्रहालयाच्या पाहणीत असं दिसलं होतं की पाटीवर कितीही समजुतीचं लिहिलं तरी बघणारे 'रानटी', 'भयानक' हेच शब्द घेऊन बाहेर पडतात. बडोद्याच्या संग्रहालयातली ममी पाहायला शाळेच्या सहली जातात, तिथे कुजबुजीचा सूर फार वेगळा नसतो.

पेटी रिकामी करणं हे अवशेष परत देण्यातलं सर्वांत सोपं काम. खरी अडचण त्यानंतर सुरू होते: हे अवशेष नक्की कुणाचे, आणि ठरवायचं कुणी?

या संग्रहालयात नागा वस्तूंची संख्या साडेसहा हजारांच्या आसपास आहे, जगातला सर्वांत मोठा नागा संग्रह. त्यात दोनशेहून अधिक मानवी अवशेष मोजले गेले आहेत. यातला बराच संग्रह जे. एच. हटन आणि जे. पी. मिल्स या दोन ब्रिटिश प्रशासकांनी जमवला. संग्रहालयाचे क्युरेटर हेन्री बाल्फर स्वतः 1922 मध्ये नागा टेकड्यांत जाऊन आले होते. काही वस्तू विकत घेतल्या, काही भेट मिळाल्या, काही गावांवर केलेल्या दंडमोहिमांच्या वेळी उचलल्या. कारवाईसाठी शिपाई घेऊन आलेला साहेब एखादी वस्तू 'मागतो' तेव्हा होकाराला किती अर्थ असतो, हे समजायला मानवशास्त्राची पदवी लागत नाही.

परतीचं काम नोंदवहीपासून सुरू होतं. प्रत्येक वस्तूला क्रमांक असतो: आधी साल, मग त्या वर्षातल्या आवकीचा क्रमांक, मग वस्तूचा. त्यासमोर देणाऱ्याचं नाव आणि एक-दोन ओळींचं वर्णन. त्या ओळींत गाव असेल तर नशीब. कित्येकदा नुसतं 'नागा टेकड्या' किंवा जमातीचं नाव असतं, आणि ते नावही त्या काळच्या अधिकाऱ्याने शेजारच्या गावाला विचारून लिहिलेलं. मग दैनंदिनी, पत्रं, दौऱ्यांच्या नोंदी काढून त्या महिन्यात साहेब कुठल्या वाटेने गेला हे जुळवावं लागतं. गावांची नावं बदललेली, स्पेलिंग चार प्रकारची. इथेच पहिली चूक होते: अंदाजाने जोडलेलं गाव पुढच्या यादीत ठाम माहिती म्हणून छापलं जातं. म्हणून प्रत्येक गावाच्या नावापुढे ते कशावरून आलं, हे लिहून ठेवायला हवं.

दुसरा पेच कवटीतच आहे. नागा गावातून आलेली कवटी म्हणजे मारलेल्या शत्रूचीच, असं नाही. कोन्याक नागांमध्ये मृताला उघड्या मचाणावर ठेवत, काही दिवसांनी डोकं वेगळं काढून दगडी पेटीत किंवा भांड्यात ठेवत आणि त्याला अन्नाचा वाटा देत. म्हणजे ती घरच्या पूर्वजाची कवटी. तिच्यापुढे भक्तिभावाने अन्न ठेवलं गेलं असेल, आणि लंडनला पोचल्यावर तिच्यावर 'विजयचिन्ह' अशी चिठ्ठी लागली असेल. कवटीला मिथुन या गव्यासारख्या प्राण्याची किंवा म्हशीची शिंगं बांधलेली असतील तर ती शत्रूची असण्याची शक्यता वाढते. पण शिंग निसटून पडलेलं असू शकतं, किंवा विक्रीसाठी नंतरही जोडलेलं असू शकतं. त्यामुळे बांधायची वेताची पट्टी, हाडावर तिचा पडलेला घासा, धुराचा थर तिच्याखालीही आहे की फक्त बाजूला, हे भिंगातून पाहावं लागतं. पट्टीखालचं हाड पांढरं आणि भोवतालचं धुराने काळवंडलेलं असेल, तर शिंगं बांधलेल्या अवस्थेतच ती कवटी बराच काळ चुलीच्या धुरात टांगलेली होती.

आणि समजा ती शत्रूचीच निघाली. मग ती द्यायची कुणाला? 'अ' गावाने 'ब' गावच्या माणसाचं डोकं आणलं आणि आपल्या मोरुंगमध्ये, म्हणजे तरुणांच्या सामुदायिक घरात, विधी करून ठेवलं. साहेबाने ते 'अ' गावातून नेलं, म्हणून नोंदवहीत 'अ'. पण हाडं 'ब' च्या माणसाची. आज दोन्ही गावं एकाच बाप्टिस्ट चर्चमध्ये जात असतील, त्यांच्यात लग्नंही होत असतील. तरी एखाद्या अवशेषावर गावाचं नाव लिहून तो पाठवला की जुनं वैर नव्याने उकरलं जाण्याचा धोका असतो. युरोपातल्या समितीला हे कागदावर कधीच दिसत नाही. गावबुढ्यांसमोर, म्हणजे गावच्या मुखियांसमोर, विषय काढल्यावर पाच मिनिटांत दिसतं.

डीएनए तपासला की प्रश्न मिटेल, असं अनेकांना वाटतं. त्यासाठी दाताच्या मुळाशी किंवा कानाजवळच्या घट्ट हाडात ड्रिल घालून काही मिलिग्रॅम ते शंभर मिलिग्रॅमपर्यंत भुकटी काढावी लागते. म्हणजे त्या माणसाच्या देहाची पुन्हा एकदा मोडतोड, तीही त्याच्या लोकांना विचारल्याशिवाय केली तर अडचण दुप्पट. आणि उत्तर काय मिळणार? शेजारशेजारच्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांत लग्नं केलेली असतील, तर डीएनए त्यांच्यात रेघ ओढू शकत नाही. दातातल्या स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांवरून माणूस कुठल्या खडकाच्या प्रदेशात लहानाचा मोठा झाला हे कळू शकतं, पण दोन गावांमधल्या डोंगराचा खडक सारखाच असेल तर तेही मुकं. अशा वेळी जुन्या दैनंदिनीतली एखादी ओळ प्रयोगशाळेपेक्षा जास्त सांगते.

कायद्याचीही गंमत आहे. 2004 च्या ब्रिटिश मानवी ऊती कायद्याने नऊ राष्ट्रीय संग्रहालयांना हजार वर्षांपेक्षा कमी जुने अवशेष परत देण्याची मुभा दिली. पिट रिव्हर्स त्या नऊमध्ये नाही. ते विद्यापीठाचं असल्याने निर्णय विद्यापीठाकडे. त्याच कायद्यानुसार, ज्याच्या मृत्यूला शंभर वर्षं झालेली नाहीत अशा माणसाचे अवशेष मांडायचे असतील तर परवाना लागतो. 1930 च्या दशकात आणलेल्या कवटीचा माणूस 1915 मध्ये मेला की 1932 मध्ये, हे सांगणार कोण? आणि 2005 च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्ये केस आणि नखं 'मानवी अवशेषां'च्या व्याख्येतच नाहीत. काही समाजांना ती पवित्र वाटतात, एवढाच उल्लेख आहे.

नागा संग्रहात हाच केसांचा प्रश्न मोठा. दाव म्हणजे नागा कोयते, भाले, छातीवरचे अलंकार यांवर केसांचे झुबके लावलेले असतात. काही मारलेल्या माणसाचे, बरेचसे बकऱ्याचे, लाल रंगवलेले. डोळ्यांनी फरक कळत नाही. एक केस सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायचा आणि मधली नळी, म्हणजे मज्जा, पाहायची. माणसाच्या केसात ती बारीक, सहसा केसाच्या जाडीच्या एक तृतीयांशपेक्षा कमी, तुटक किंवा मुळीच नसते. बकऱ्यासारख्या प्राण्याच्या जाड केसात ती निम्म्याहून जास्त जागा व्यापते. गडद रंगामुळे मज्जा दिसत नाही, मग पारदर्शक द्रव घालावा लागतो. एकाच झुबक्यात दोन्ही प्रकारचे केस मिसळलेलेही असू शकतात, तेव्हा एका केसावरून निष्कर्ष काढणं धोक्याचं. म्हणूनच 'नेमके किती मानवी अवशेष' या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाचा आकडा केस धरले की वेगळा येतो, सोडले की वेगळा.

सल्लामसलत म्हणजे काय, हे नागांच्या बाबतीत जवळून पाहता येतं. पेटी रिकामी झाल्याची बातमी आल्यावर मानवशास्त्रज्ञ डॉली किकॉन यांनी संग्रहालयाच्या संचालक लॉरा व्हॅन ब्रुखोव्हन यांच्याशी संपर्क साधला. पुढे फोरम फॉर नागा रिकन्सिलिएशन ही संस्था मध्ये आली. तिच्या अंतर्गत किकॉन आणि आर्कोतोंग लोंगकुमेर यांच्यासह एक संशोधन गट उभा राहिला. गटाने वडीलधाऱ्यांशी, चर्चच्या मंडळींशी, विद्यार्थ्यांशी बोलायला सुरुवात केली. ऑक्सफर्डमध्ये हे अवशेष आहेत हेच बहुतेकांना माहीत नव्हतं, त्यामुळे आधी माहिती द्यायची, मग वेळ द्यायचा आणि मत नंतर विचारायचं, असा क्रम ठेवावा लागतो. उलट केलं तर पहिल्याच बैठकीत कुणीतरी 'परत आणा' म्हणतो, सगळे मान डोलावतात, आणि कुठे ठेवायचं हा प्रश्न निघाला की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

कारण नागा समाज नागालँडपुरता नाही. मणिपूर, आसाम, अरुणाचल आणि म्यानमारमध्येही आहे. सरकारमार्फत परत द्यायचं तर सीमेपलीकडच्या गावांचं काय? आणि विधी कोणता? नागालँडमध्ये दहापैकी जवळपास नऊ जण ख्रिस्ती आहेत. जुना विधी जाणणारे थोडे उरले, आणि चर्चच्या पद्धतीने पुरायचं तर तो माणूस ख्रिस्ती नव्हता. न्यूझीलंडच्या ते पापा संग्रहालयाने ठिकाण न सापडलेल्या माओरी अवशेषांसाठी वेगळी पवित्र खोली ठेवली आहे, तिथे प्रेक्षकांना प्रवेश नाही. तो मार्ग इथे डोळे मिटून उचलता येणार नाही, कारण माओरी मुंडक्यांचा आणि नागा मुंडक्यांचा इतिहास वेगळा आहे; पण गाव न सापडलेल्यांसाठी काहीतरी जागा लागणार, हे पक्कं.

दरम्यान बाजार थांबलेला नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये इंग्लंडमधल्या एका लिलावगृहाने शिंगं लावलेली नागा कवटी विक्रीला काढली. नागा संघटनांनी आक्षेप घेतला, नागालँडच्या मुख्यमंत्र्यांनी परराष्ट्रमंत्र्यांना पत्र लिहिलं आणि कवटी लिलावातून काढून घेण्यात आली. ती विकणं ब्रिटनमध्ये बेकायदा नव्हतं. जून 2025 मध्ये नागा प्रतिनिधी मंडळ ऑक्सफर्डला गेलं, अवशेषांची भेट घेतली आणि परतीची मागणी करणारं जाहीर निवेदन केलं.

प्रत्यक्ष पाठवणीत आणखी दोन गोष्टी आडव्या येतात. जुन्या काळी कीड लागू नये म्हणून संग्रहालयं वस्तूंवर आर्सेनिकचा साबण किंवा पाऱ्याचं क्लोराइड लावत. काचेआड ते चालून गेलं. पण गावात पोचलेला अलंकार कुणी हातात घेईल, डोक्यावर घालेल. हातात धरायच्या क्ष-किरण यंत्राने आर्सेनिक आणि पारा ओळखता येतो. मात्र डीडीटीसारखी सेंद्रिय कीटकनाशकं त्याला दिसत नाहीत, आणि वस्तूवर हिंगुळासारखा पाऱ्याचा लाल रंग असेल तर आकडा फसवतो. दुसरी गोष्ट पिसांची. नागा शिरोभूषणात धनेशाची पिसं असतात, आणि महाधनेश आंतरराष्ट्रीय वन्यजीव व्यापार कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. म्हणून एकाच टोपीसाठी केसांबाबत समाजाची परवानगी, विषाचा तपासणी अहवाल आणि पिसांसाठी दोन्ही देशांचे परवाने, अशी कागदपत्रं लागतात. वस्तू खूप जुनी असल्याची नोंद दाखवता आली तर सूट मिळू शकते, आणि त्यासाठी पुन्हा उघडावी लागते ती नोंदवहीच.