एका बेसन लाडवात नेमकं किती? घाणा तोलून काढायचा हिशोब

लाडवाचं बेसन नेणारे ग्राहक हमखास विचारतात, एका लाडवात प्रथिनं किती, कॅलरी किती? हे आम्हाला पिशवीवर छापता येत नाही, कारण तूप आणि साखर घालणारे तुम्ही. हिशोब तुमच्या ओट्यावरच करावा लागतो. त्यासाठी एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा पुरतो. वाटीचं माप मात्र इथे चालत नाही. ज्या वाटीत बेसन मावतं, त्याच वाटीत जवळपास दुप्पट वजनाचं पातळ तूप बसतं.

५०० ग्रॅम बेसन, २५० ग्रॅम साजूक तूप आणि ४०० ग्रॅम पिठीसाखरेचा घाणा धरू. जिन्नस भाजण्याआधीच तोला, कारण पाकिटामागचे आकडे कच्च्या मालाचे असतात. १०० ग्रॅम बेसनात साधारण २२ ग्रॅम प्रथिनं, ५८ ग्रॅम कर्बोदकं आणि ६.७ ग्रॅम फॅट असतं. तूप जवळजवळ सगळं फॅट, साखर सगळी कर्बोदकं. म्हणजे अख्ख्या घाण्यात प्रथिनं ११०, कर्बोदकं ६९० आणि फॅट सुमारे २८३ ग्रॅम. पहिल्या दोघांना ४ ने आणि फॅटला ९ ने गुणून बेरीज केली की ५,७५० च्या आसपास कॅलरी येतात.

आता भागाकार. कच्चं वजन ११५० ग्रॅम, पण भाजताना बेसनातला ओलावा उडतो. रिकामी परात आधी तोलून ठेवा आणि तयार मिश्रणासकट परातीच्या वजनातून ते वजा करा. समजा ११२० ग्रॅम आलं, तर ४० ग्रॅमचे २८ लाडू. प्रत्येकात प्रथिनं ३.९, कर्बोदकं २४.६, फॅट १०.१ ग्रॅम आणि सुमारे २०५ कॅलरी. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत उघडं राहिलेलं बेसन ओलावा धरतं आणि भाजताना जास्त घटतं, म्हणून मागच्या वेळचं वजन धरू नका.

अंदाजाने वळलेल्या लाडवांत एक ३४ ग्रॅमचा, दुसरा ४६ चा निघतो. म्हणजे एकात १७५ कॅलरी, दुसऱ्यात २३५. म्हणून आधी सगळे गोळे काट्यावर तोलून ताटात मांडा आणि मगच वळा.

सर्वांत जास्त घोळ गरम मिश्रणात होतो. तूप तळाशी उतरतं, वरचे लाडू कोरडे होऊन भुगा पडतात आणि तळातले चपटे बसतात. वजन सारखं असूनही त्यांतलं फॅट सारखं राहत नाही. मिश्रण कोमट होऊन तूप आळू लागलं की तळापासून नीट कालवा आणि लगेच गोळे करा. पिठीसाखरही कोमट झाल्यावरच घाला, नाहीतर मिश्रण सैल पडतं.

बेसन रवाळ करायला दुधाचा हबका मारला, तर दूधही तोलून हिशोबात धरा. त्यातलं पाणी उडतं, बाकीचं लाडवातच राहतं. वर लावायचा काजू मात्र गोळा तोलल्यावर लागतो, म्हणून त्याचे आकडे एका लाडवाच्या आकड्यांत शेवटी वेगळे मिळवा.