नैराश्य : कुमारवयातील व उतारवयातील लक्षणे

नैराश्य या मनोविकाराचे निदान सर्व वयांत एकाच निकषांवर होते. उदास मन किंवा कशातच रस न वाटणे यांपैकी एक लक्षण आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, एकाग्रता, थकवा, अपराधीपणा, मरणाचे विचार अशा लक्षणांपैकी काही, मिळून किमान पाच, निदान दोन आठवडे टिकावी लागतात. मात्र मुलांत व कुमारांत उदासीऐवजी चिडचिड असली तरी ती ग्राह्य धरतात. वृद्धांसाठी अशी सवलत नाही, आणि तेथेच बरेच रुग्ण निसटतात.

ठाण्यातील एका घराचे कल्पित उदाहरण घेऊ. दहावीतला मुलगा दारे आपटतो, रात्री दोनपर्यंत जागतो. ‘वयच तसं आहे,’ असे घरचे म्हणतात. मित्रांत तो हसतो, म्हणून त्यांची खात्री पटते. परंतु कुमारवयीन नैराश्यात मन प्रसंगाने तात्पुरते उजळते. हसणे दिसले म्हणून आजार नाही, असे ठरत नाही. निर्णायक खूण वेगळी आहे: वयाच्या रागात आवडी शाबूत राहतात, या मुलाने मात्र महिन्यापासून क्रिकेटची बॅट हातात घेतलेली नाही. त्याच्या आजोबांनी तलावपाळीची संध्याकाळची फेरी सोडली आहे. कारण ते गुडघ्यांचे सांगतात आणि गुडघे दुखतातही; पण तपासणीत ते गेल्या वर्षाहून बिघडलेले नाहीत. ‘उदास वाटतं का?’ या प्रश्नाला ते मनापासून नाही म्हणतात. गुडघ्यांचा खरा आजार हाताशी असल्याने दुसरा आजार कोणी शोधत नाही.

वृद्धांच्या विसराळूपणाविषयी मतभेद आहेत. नैराश्यातून आलेल्या स्मृतिदोषाला ‘आभासी स्मृतिभ्रंश’ म्हणतात. संज्ञा बहुधा एकोणिसाव्या शतकातील असावी. ती रूढ झाली ती मानसोपचारतज्ज्ञ लेस्ली किलो यांच्या १९६१ मधील लेखानंतर. नैराश्याचा रुग्ण ‘आठवत नाही’ म्हणून प्रयत्न सोडतो, विसरल्याची तक्रार स्वतः करतो, आणि सुरुवात कधी झाली हे घरच्यांना साधारण सांगता येते. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण बहुतेकदा चूक झाकतो किंवा चुकीचे उत्तर देतो. पुढील पाहणीत मात्र नैराश्याच्या अशा रुग्णांपैकी अनेकांना काही वर्षांनी खरा स्मृतिभ्रंश झाल्याचे आढळले. त्यामुळे ‘आभासी’ हे विशेषण आज फारसे समाधानकारक वाटत नाही. दोन्ही शक्यता मनात ठेवून उपचारानंतर स्मरणशक्ती पुन्हा तपासणे अधिक योग्य. थायरॉइड व बी-१२ यांच्या रक्तचाचण्या आधी कराव्यात.

१९८० च्या दशकात तयार झालेल्या वृद्धांच्या नैराश्य-प्रश्नावलीतून शारीरिक तक्रारी मुद्दाम वगळल्या आहेत, कारण झोपमोड वा अंगदुखी त्या वयात नैराश्याविनाही असते. आजोबांना म्हणूनच मन कसे आहे यापेक्षा दिवस रिकामा वाटतो का, हे विचारावे.

ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासूनचे आहे. मरणाची भाषा कोणत्याही वयात निघाली, तर ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर त्याच दिवशी बोलावे.